पासबुकच्या फोटोतून मोठे व्यवहार वेगळे काढताना : आधी शिल्लक जुळवा, मग फिल्टर लावा

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलीतलं बोलणं बरंचसं तसंच ठेवलं आहे. तक्ता आणि सूत्रं मात्र ऐकून लक्षात राहत नाहीत, म्हणून ती इथे लिहून दिली आहेत.)

आजचं काम छोटं आहे. तुमच्या हातात पासबुकचा फोटो आहे आणि कुणीतरी तुम्हाला म्हणालंय, "यातले दहा हजारांवरचे व्यवहार तेवढे काढून दे." कधी घरातलं कुणी म्हणतं, कधी सीए म्हणतो, कधी मंडळाची कमिटी म्हणते. ऐकायला पाच मिनिटांचं काम वाटतं. फोनने फोटोतला मजकूर उचलायचा, शीटमध्ये टाकायचा, फिल्टर लावायचा, झाली यादी.

यादी होते. प्रश्न असा की ती खरी आहे का. फिल्टरचा एक स्वभाव असतो, तो जे वगळतो ते गुपचूप वगळतो. फोनने १८,५०० चं ८,५०० वाचलं, तर ती नोंद दहा हजारांच्या खाली गेली आणि यादीतून गायब झाली. शीटवर लाल खूण येत नाही की काही नाही. समोर उरलेली यादी छान, स्वच्छ दिसते. म्हणून आज मी एकच गोष्ट सांगणार आहे. चुका फिल्टर लावायच्या आधी पकडायच्या. आणि त्या पकडायचं साधन पासबुकातच छापलेलं असतं, शेवटच्या रकान्यात. शिल्लक.

एक खरंखुरं उदाहरण घेऊन जाऊ, म्हणजे हवेत बोलणं होणार नाही.

प्रकरण काय होतं

माझा मावसभाऊ त्यांच्या गावच्या गणेशोत्सव मंडळाचा नवा खजिनदार झाला. मंडळाचं खातं तालुक्याच्या एका पतसंस्थेत. नेटबँकिंग नाही, पीडीएफ नाही, फक्त पासबुक. २०२४ च्या उत्सवाचा हिशेब सभेत मांडायचा होता आणि कमिटीने सांगितलं होतं, "ऑगस्ट-सप्टेंबरमधले दहा हजारांवरचे खर्च तेवढे दाखव, किरकोळ नको."

त्यात भर म्हणजे जुन्या खजिनदाराबद्दल गावात कुजबुज सुरू होती. कुणी थेट बोलत नव्हतं, पण "बघू आता पासबुकात काय निघतंय" असा सूर होता. त्यांनी मात्र सगळी बिलं एका फाईलला लावून नीट दिली होती.

भावाने पासबुकचा फोटो काढला, फोनवर मजकूर कॉपी केला, गूगल शीट्समध्ये टाकला, 'नावे' रकान्याला फिल्टर लावला. तीन नोंदी आल्या. १५,०००, ४१,००० आणि २५,०००.

आता बिलांची फाईल उघडली. मंडपवाल्याचं १८,५०० चं बिल आहे, पण यादीत तशी नोंद नाही. मूर्तीचे उरलेले २१,००० दिल्याची पावती आहे, यादीत नोंद नाही. महाप्रसादाच्या किराण्याचं १६,४०० चं बिल आहे, यादीत नोंद नाही. आणि उलट, २ सप्टेंबरला ४१,००० रुपये 'रोख' गेलेले दिसतायत, त्याचं एकही बिल नाही.

तुम्हीच सांगा, ही यादी मंडळाच्या ग्रुपवर पडली असती तर काय झालं असतं? तीन बिलं खोटी आणि एक्केचाळीस हजार रोख काढले, असाच अर्थ लोकांनी लावला असता. पोस्ट करण्याआधी त्याने मला फोन केला, एवढं बरं झालं. त्या पासबुकात सगळं व्यवस्थित होतं. चार चुका फक्त फोटो ते शीट या प्रवासात झाल्या होत्या.

आधी फोटो

पासबुक उघडल्यावर मधोमध घडी येते. त्या घडीत एखादी ओळ बसते आणि वरून फोटो काढला की ती वाकते किंवा दिसतच नाही. म्हणून दोन्ही पानांचा एकत्र फोटो काढू नका. घडीच्या वरचा भाग वेगळा, खालचा वेगळा. आणि दोन्ही फोटोंत घडीजवळची एक-दोन ओळी पुन्हा येऊ द्या. एकच ओळ दोन फोटोंत आली तर नंतर एक काढून टाकता येते. पण कुठल्याच फोटोत नसलेली ओळ शीटमध्ये येणार कुठून?

उजेड खिडकीचा, बाजूने आलेला. फ्लॅश बंद. पासबुकचा कागद थोडा चकचकीत असतो, फ्लॅशचा पांढरा डाग नेमका आकड्यांवर बसतो. फोन पासबुकच्या बरोबर वर, तिरका नको. तिरका धरला की ओळी उतरत्या होतात आणि एका ओळीची रक्कम शेजारच्या ओळीच्या तारखेला चिकटते. गूगल ड्राइव्हच्या ॲपमध्ये कागद स्कॅन करायची सोय आहे, ती वापरली तर कडा सरळ होतात.

आणि फोटो कुणाकडून मागवत असाल तर व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून नका मागवू, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. साधा फोटो पाठवताना त्याचा आकार कमी होतो, आणि पासबुकवरची फिकी छपाई आधीच जेमतेम वाचता येत असते.

पाच रकाने, आणि वर जुनी शिल्लक

फोटोतून मजकूर कॉपी केला की तो बहुतेक वेळा रकान्यांत येत नाही, सलग येतो. एक्सेलच्या मोबाइल ॲपमध्ये चित्रातून थेट तक्ता उचलायची सोय आहे, पण तिथेही रकाने सरकतात. माझं मत विचाराल तर वीस-पंचवीस नोंदी असतील तर हाताने टाइप करा. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने भरायचं. पंधरा मिनिटं लागतात. जास्त नोंदी असतील तर फोनकडून उचलून घ्या. दोन्हीत चुका होणारच आणि दोन्हीसाठी पुढची तपासणी एकच आहे.

शीटमध्ये पाच रकाने करा. तारीख, तपशील, नावे, जमा, शिल्लक. नावे म्हणजे खात्यातून गेले, जमा म्हणजे आले. पहिल्या ओळीत ही नावं. दुसऱ्या ओळीत फक्त शिल्लक भरायची, तुमच्या पहिल्या नोंदीच्या आधीची. आपल्या उदाहरणात ती ४२,३१० होती. ही ओळ लोक हमखास विसरतात, आणि तपासणीची सुरुवातच तिथून होते. तिसऱ्या ओळीपासून खऱ्या नोंदी.

रकमा टाकताना स्वल्पविराम, रुपयाची खूण, मागे लागणारं 'सीआर' किंवा 'डीआर', काहीही ठेवू नका. 18500, एवढंच. स्वल्पविराम नंतर शीटला दाखवायला सांगता येतात.

आता खरी तपासणी

पासबुकच्या प्रत्येक ओळीत एक नातं असतं. मागची शिल्लक, वजा नावे, अधिक जमा, बरोबर नवी शिल्लक. पतसंस्थेच्या संगणकाने हे गणित आधीच करून छापलेलं आहे. आपण ते परत करायचं आणि छापील शिल्लकेशी ताडून बघायचं. सहाव्या रकान्यात, तिसऱ्या ओळीत हे सूत्र टाका आणि खाली ओढा.

```
=ROUND(E2-C3+D3-E3,2)
```

उत्तर शून्य आलं तर ती ओळ जुळली. शून्य सोडून काहीही आलं तर त्या ओळीत, किंवा तिच्या लगेच वर, गडबड आहे. आता गंमत बघा. जो फरक येतो तो नुसतं "चूक आहे" एवढंच सांगत नाही, चूक कुठल्या प्रकारची आहे तेही सांगतो. भावाच्या शीटमध्ये चार ठिकाणी शून्य आलं नाही. एकेक बघू.

पहिली, २२ ऑगस्टची, मंडपाच्या चेकची ओळ. मागची शिल्लक ९०,८१०. शीटमध्ये नावे ८,५००. म्हणजे शिल्लक ८२,३१० यायला हवी, पण छापील शिल्लक ७२,३१०. फरक बरोबर १०,०००. फरक असा गोल आला, दहा हजार, एक हजार, शंभर, की समजायचं एखादा आकडा गेलाय किंवा चुकीचा वाचलाय. फोटो मोठा करून बघितला. रकान्याच्या उभ्या रेषेला १८,५०० मधला १ चिकटून छापला गेला होता. फोनने त्याला रेषाच समजून टाकलं. तारखेच्या किंवा तपशिलाच्या शेजारच्या रकान्यात हे नेहमी होतं. आणि सगळ्यात धोकादायक म्हणजे रकमेचा पहिलाच आकडा जातो, म्हणजे रक्कम नेमकी मर्यादेच्या खाली घसरते.

दुसरी, २ सप्टेंबरची ओळ. शीटमध्ये ४१,००० नावे. मागची शिल्लक ५५,४१०, छापील नवी शिल्लक ९६,४१०. सूत्राचं उत्तर आलं उणे ८२,०००. म्हणजे रकमेची बरोबर दुप्पट. दुप्पट फरक आला की डोळे मिटून समजा, रकाना चुकलाय. पैसे गेलेले नाहीत, आलेले आहेत. वर्गणीची रोख भरली होती. शिल्लक वाढली आहे हे नुसतं बघूनही कळतं, पण फिल्टर लावल्यावर शिल्लकेकडे कोण बघतो? इथे अजून एक खूण होती. बऱ्याच पासबुकांत तपशिलात इंग्रजीत 'बाय कॅश' किंवा 'टू कॅश' छापतात. जुन्या हिशेबाच्या पद्धतीप्रमाणे 'बाय' म्हणजे जमा आणि 'टू' म्हणजे नावे. त्या ओळीत 'बाय कॅश' होतं. भावाला वाटलं, कॅशने गेले. हा शब्द कळला असता तर एक्केचाळीस हजारांचं भूत उभंच राहिलं नसतं.

तिसरी, ५ सप्टेंबरची ओळ. फक्त ११८ रुपये चार्जेस कापलेले. मागची शिल्लक ९६,४१०, त्यातून ११८ गेले तर ९६,२९२ उरायला हवेत. छापील शिल्लक ७५,२९२. फरक २१,०००. आता ११८ ची नोंद तर बरोबर वाचली गेली आहे. मग हे एकवीस हजार कुठले? मधली एक अख्खी ओळच गळली आहे, आणि फरक म्हणजे त्या गळलेल्या नोंदीची रक्कम. ४ सप्टेंबरचा मूर्तिकाराचा चेक, तो बसला होता घडीत. पासबुक दाबून धरून तेवढ्या भागाचा परत फोटो काढला आणि ओळ मिळाली. लक्षात घ्या, ही ओळ शीटमध्ये कुठेच नव्हती. तुम्ही यादी कितीही वेळा नजरेखालून घातली असती तरी नसलेली ओळ दिसली नसती. ती शिल्लकेनेच दाखवली.

चौथी, १९ सप्टेंबरचा किराणा. इथे सूत्राने आकडाच दिला नाही, `#VALUE!` असं दाखवलं. कारण फोनने १६,४०० मधल्या शून्यांच्या जागी इंग्रजी ओ हे अक्षर टाकलं होतं. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं. शीटच्या लेखी मात्र तो आकडा नाही, शब्द आहे, आणि शब्द दहा हजारांपेक्षा मोठा की छोटा हे रकमेच्या फिल्टरला कळत नाही, म्हणून तो बाहेर. याची एक सोपी खूण सांगतो. शीटमध्ये आकडे आपोआप उजवीकडे टेकतात आणि शब्द डावीकडे. रकमांच्या रकान्यावरून वरपासून खालपर्यंत नजर फिरवा. एखादी रक्कम डावीकडे जाऊन बसली असेल तर तिला परत टाइप करा.

पाचवा प्रकार आमच्याकडे निघाला नाही, पण हाताने टाइप करणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर शेजारशेजारचे दोन आकडे उलटे झालेत का ते बघा. १६,४०० चं १४,६०० झालं तर फरक १,८००, नऊ दोनशे अठराशे. हिशेबनीस मंडळींची ही जुनी युक्ती आहे. भाग गेला म्हणजे आकडे उलटलेच असतील असं नाही, पण शोध कुठून सुरू करायचा ते कळतं.

चारही ओळी दुरुस्त केल्या आणि सहावा रकाना वरपासून खालपर्यंत शून्य झाला. सगळ्यात शेवटी एक एकत्रित ताळा घेतला. सुरुवातीची शिल्लक ४२,३१०, त्यात सगळे जमा १,१८,०८६ मिळवले, त्यातून सगळे नावे १,२५,०१८ वजा केले. आले ३५,३७८. पासबुकची ३० सप्टेंबरची शिल्लक तीच. आता या शीटवर फिल्टर लावायला हरकत नाही.

"दहा हजारांवरचे" म्हणजे नक्की कुठले?

इथे थोडं थांबायचं. रोषणाईवाल्याला दिलेला चेक बरोबर १०,००० चा होता. "दहा हजारांवरचे" म्हटलं तर तो यादीत येत नाही. "दहा हजार आणि त्यावरचे" म्हटलं तर येतो. बोलताना आपण दोन्ही अर्थांनी एकच शब्द वापरतो. शीटला मात्र `>` आणि `>=` यांत फरक कळतो. लोक व्यवहारच गोल रकमेत करतात, त्यामुळे मर्यादेवर नेमकी बसणारी नोंद जवळपास प्रत्येक पासबुकात सापडते.

ज्याने यादी मागितली त्यालाच विचारा, आणि जे ठरेल ते तक्त्याच्या वर लिहा. आमच्या कमिटीने सांगितलं, दहा हजारसकट घ्या. दुसरा प्रश्न, फक्त गेलेले की आलेलेही? इथे फक्त खर्च हवा होता, म्हणून फक्त नावे. सीएने किंवा कर्ज देणाऱ्याने मागितलं असेल तर बहुतेक वेळा मोठ्या जमाही हव्या असतात. त्या वेगळ्या तक्त्यात द्या, एकात मिसळू नका.

पंधरा नोंदी तिसऱ्या ते सतराव्या ओळीत होत्या. म्हणून सूत्र हे.

```
=FILTER(A3:E17, C3:C17>=10000)
```

हे रिकाम्या जागी टाकलं की निवडलेल्या ओळी तिथे वेगळ्या येतात आणि मूळ शीट जशीच्या तशी राहते. मेनूतला फिल्टर वापरला तरी चालतो, पण त्यात मूळ ओळी लपतात आणि दुसरा माणूस शीट उघडून "एवढ्याच नोंदी?" म्हणून घाबरतो.

तक्ता छोटा, पण पूर्ण

सभेत दाखवायला पाचही रकाने नकोत. शिल्लकेचं काम झालं, ती काढून टाकली. तपशील पासबुकच्या भाषेत ठेवला तर कुणालाच कळत नाही, म्हणून चेकबुकच्या अर्ध्या बघून साध्या मराठीत लिहिला. मंडळाचा तक्ता शेवटी असा झाला.

खर्च, रु. १०,००० आणि त्यावरील, १२ ऑगस्ट ते ३० सप्टेंबर २०२४

| क्र. | तारीख | कशासाठी | रक्कम (रु.) |
|---|---|---|---|
| १ | १४ ऑगस्ट | मूर्ती, आगाऊ | १५,००० |
| २ | २२ ऑगस्ट | मंडप | १८,५०० |
| ३ | ४ सप्टेंबर | मूर्ती, उरलेली रक्कम | २१,००० |
| ४ | ६ सप्टेंबर | रोषणाई | १०,००० |
| ५ | १३ सप्टेंबर | ढोल-ताशा पथक | २५,००० |
| ६ | १९ सप्टेंबर | महाप्रसाद, किराणा | १६,४०० |
| | | या यादीची बेरीज | १,०५,९०० |
| | | यादीत न घेतलेले ३ छोटे खर्च | १९,११८ |
| | | खात्यातून एकूण गेले | १,२५,०१८ |

खालच्या तीन ओळी बघा. माझ्या मते या तक्त्यात त्याच सगळ्यात महत्त्वाच्या. गाळलेल्या नोंदी किती आणि त्यांची बेरीज किती हे लिहिलं की वाचणाऱ्याला कळतं की काहीतरी गाळलंय, आणि ते किती मोठं आहे. शेवटचा आकडा तो पासबुकशी स्वतः ताडून बघू शकतो. नुसती सहा नावांची यादी दिली असती तर विश्वास ठेवण्यापलीकडे त्याच्या हातात काही नव्हतं.

एक काम अजून राहतं. शिल्लक जुळली म्हणजे रकमा बरोबर आहेत. तारीख आणि तपशील बरोबर आहेत असं त्यातून सिद्ध होत नाही. ३ चा ८ झाला, १३ सप्टेंबरचं १८ सप्टेंबर झालं, तरी शिल्लक निमूट जुळते. म्हणून निवडलेल्या सहा ओळींची तारीख आणि नाव मूळ पासबुकशी बोट ठेवून ताडा. सहाच तर आहेत.

मर्यादेच्या खाली काय राहतं

गाळलेले तीन खर्च म्हणजे ११८ रुपये चार्जेस, आणि २९ आणि ३० ऑगस्टला लागोपाठ काढलेले साडेनऊ-साडेनऊ हजार रोख. प्रत्येक नोंद दहा हजारांच्या आत, पण दोन्ही मिळून १९,०००, म्हणजे मंडपापेक्षा जास्त. कुठल्याही ठरावीक रकमेच्या फिल्टरची ही हद्द आहे. तो एकेक नोंद बघतो, बेरीज बघत नाही. मुद्दाम तुकडे केलेत की गरजेप्रमाणे दोनदा काढले, हे त्याला कळत नाही, आणि पासबुकलाही कळत नाही. ते व्हाउचर सांगतात. जुन्या खजिनदारांच्या फाईलमध्ये फुलं, ट्रॅक्टर, मजुरी अशा सतरा व्हाउचरांची बेरीज होती १९,०००. भावाने तक्त्याखाली एक ओळ लिहिली, "दोन वेळा काढलेली रोख रु. १९,०००, व्हाउचर जोडले आहेत." विषय संपला.

तेव्हा फिल्टर लावल्यावर मर्यादेच्या जरा खालच्या नोंदींवर एक नजर टाका. मर्यादा दहा हजार असेल तर आठ ते दहा हजारांमधल्या. तीच रक्कम, तेच नाव, जवळच्या तारखा असं काही दिसलं तर खाली टीप द्या. आरोप करायचा नाही, टीप द्यायची.

उलट बाजूही आहे. यादीत आलेली प्रत्येक नोंद खर्चच असते असं नाही. तुम्ही खात्यात भरलेला कुणाचा चेक वटला नाही, तर आधी जमा दिसते आणि काही दिवसांनी तीच रक्कम नावे पडते. फिल्टर फक्त नावे बघणार आणि तुम्ही तो खर्च म्हणून दाखवणार. म्हणून यादीतली प्रत्येक रक्कम जमा रकान्यात परत कुठे दिसते का ते एकदा शोधा. आमच्या सहाही रकमांपैकी एकही जमा बाजूला नव्हती.

जाता जाता एक. ग्रुपवर टाकायचा तो तक्ता, पासबुकचा फोटो नाही. त्या फोटोवर खाते क्रमांक असतो, सही असते, आणि यूपीआयने वर्गणी देणाऱ्यांचे मोबाइल नंबरही तपशिलात छापलेले असू शकतात. ज्याला पडताळायचं आहे त्याने पासबुक समोर बसून बघावं. आणि छपाई इतकी फिकी असेल की फोटोतही आकडा लागत नाही, तर अंदाजाने भरू नका. पतसंस्थेत जाऊन त्या काळाचा शिक्का मारलेला खातेउतारा मागा. शिल्लकेवरून हरवलेली रक्कम काढता येते, हे आपण आत्ताच बघितलं. पण ती रक्कम कुणाला गेली हे कागदच सांगतो.

पुढच्या वेळी कुणी फोटो पाठवून म्हणालं, "जरा मोठे व्यवहार काढून दे", तर आधी विचारा, किती रकमेचे, ती रक्कम धरून की सोडून, आणि पहिल्या नोंदीच्या आधीची शिल्लक किती. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर फोटोत नसेल तर आधीच्या पानाचा फोटोही मागवा. भेटू पुढच्या भागात.